बोलका निरोप की लिहिलेला?



वसंत ऋतूतील या व्याख्यानांमध्ये राज्यकारभार, अर्थकारण, वेदान्त अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपणांपुढे एक घरगुती प्रश्न घेऊन उभे आहोत. घरात कोणी गेले, आपल्या हातून कोणाचे मन दुखावले, किंवा कोणाकडे पाळणा हलला, म्हणजे आपण खिशातून फोन काढतो. त्यावर दोन वाटा असतात. एक, बोटांनी चार ओळी लिहावयाच्या. दुसरी, माइकचे चिन्ह दाबून धरावयाचे आणि बोलून मोकळे व्हावयाचे. यांपैकी कोणती वाट केव्हा धरावी, एवढाच आजचा विषय. विषय लहान आहे हे आम्हांला मान्य आहे. परंतु या लहान विषयात चुकल्यामुळे आमच्या घरातील दोन माणसे कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्या दोघांपैकी एक आम्ही स्वतः होतो. म्हणून हे बोलण्याचा अधिकार आम्ही चुकीच्या बळावर मागतो आहोत, विद्वत्तेच्या नव्हे.

प्रथम हकीकत सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमचे आतोबा सांगलीस वारले. बातमी आली तेव्हा आम्ही कल्याण स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे होतो. मन भरून आले. लिहावयास बोटे वळेनात. तेव्हा आम्ही आत्याच्या नावे माइक दाबला आणि बोलत सुटलो. थांबलो तेव्हा पाहिले, तो निरोप तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा झाला होता. त्यात आतोबांच्या आठवणी होत्या, आमचा हुंदका होता, मागे गाड्यांच्या घोषणा होत्या, आणि शेवटाशेवटास एक वाक्य होते: ‘वेळेवर पुण्याला हलवलं असतं तर कदाचित वाचले असते गं.’ हे वाक्य आपण बोललो याची आम्हांला नंतर आठवणही राहिली नाही. बोललेल्या शब्दाचे असेच असते. लिहिताना प्रत्येक वाक्य डोळ्यांसमोरून जाते, बोलताना ते केवळ तोंडातून जाते.

आपल्यांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल की, व्हॉट्सअ‍ॅपवर असा बोलका निरोप धाडला म्हणजे त्यापाशी माइकचे लहान चिन्ह राहते, आणि समोरच्याने तो ऐकला की ते निळे होते. आत्याकडील चिन्ह निळे होईना. एक दिवस गेला, चार गेले, दहावा झाला. आम्ही मनात रागावलो की, एवढे कळवळून बोललो, तर आत्याने ऐकलेसुद्धा नाही. तेराव्याच्या दिवशी ते निळे झाले. आणि त्याच संध्याकाळी आमच्या आतेभावाने, ज्यास आम्ही दादा म्हणतो, आमचा फोन घेणे बंद केले.

झाले होते ते असे. आत्याने तो निरोप मुद्दाम ऐकला नव्हता. ती पुढे आम्हांला म्हणाली, ‘अरे, साडेतीन मिनिटं तू काय बोलला असशील, याचीच धास्ती वाटायची. बसायचं कुठं आणि ऐकायचं कुठं? घरभर माणसं. आणि ऐकताना रडू कोसळलं तर पुन्हा सगळ्यांनी मलाच धरायचं.’ शेवटी तेराव्याला एका नातीने तिच्या हातातील फोन घेतला, ‘आजी, मामाचा निरोप आहे’ म्हणून बटण दाबले, आणि फोनच्या कर्ण्यातून आमचा आवाज सगळ्या माजघरात गेला. तेथे आठनऊ माणसे बसली होती. दादा बसला होता. आतोबांना पुण्याला न हलवण्याचा निर्णय त्याने घेतला होता. तोही डॉक्टरांनी, प्रवास झेपणार नाही, असे सांगितल्यावर. आम्हांला यातले काहीच माहीत नव्हते. आमचे सांत्वन त्याच्या डोक्यावर आरोप होऊन पडले.

आता या हकीकतीची चिरफाड करू या. चूक एका वाक्याची होती हे खरेच. पण ते वाक्य तेथवर पोचले ते वाहनामुळे. बोलका निरोप आणि लिहिलेला निरोप यांत मुख्य भेद तीन आहेत. पहिला, लिहिलेला निरोप एका दृष्टिक्षेपात कळतो. बोलका निरोप ऐकणाऱ्याकडून ऐकण्याचा वेळ वसूल करतो, आणि आत काय आहे हे आधी सांगत नाही. दुसरा, लिहिलेले एकटा माणूस गर्दीतही एकट्याने वाचू शकतो. बोललेले मात्र खोलीत जेवढे कान असतील तेवढ्यांचे होते. फोन कानाशी धरला तर आवाज हळू, केवळ कानापुरता येतो हे खरे. पण हे वडीलधाऱ्यांपैकी थोड्यांना ठाऊक असते, आणि दुःखात ते लक्षात कोणाच्या राहते? तिसरा भेद दुरुस्तीचा. लिहिलेला निरोप धाडल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सुधारता येतो. ही सोय २०२३ साली आली. बोललेल्यात एक शब्दही बदलता येत नाही. सगळाच्या सगळा पुसून टाकणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो पुसल्याची खूण समोरच्याकडे उरतेच. ज्याच्या घरी सुतक आहे त्याने ‘संदेश काढून टाकला’ ही ओळ वाचावी, याहून चमत्कारिक सांत्वन कोणते?

मग कोणी म्हणेल, तर बोलका निरोप टाकाऊच म्हणावयाचा काय? तसे नव्हे. आवाजात असे काही असते की, जे अक्षरांत उतरत नाही, आणि हा केवळ कवींचा समज नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलींना अनोळखी माणसांपुढे गणिते सोडवावयास लावून मुद्दाम ताण दिला, आणि नंतर काहींना आईशी प्रत्यक्ष वा फोनवर बोलू दिले, तर काहींना आईशी फक्त लेखी निरोपांची देवघेव करू दिली. ज्यांनी आईचा आवाज ऐकला त्यांच्या शरीरातील ताणाचे द्रव्य उतरले. ज्यांनी अक्षरे वाचली त्यांचे, आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींइतकेच चढलेले राहिले. आवाज धीर देतो, हे यावरून दिसते. परंतु एक गोष्ट विसरू नये. त्या मुली आईशी बोलत होत्या. आई विचारीत होती, त्या उत्तर देत होत्या. बोलका निरोप हे संभाषण नव्हे. त्यात एकजण बोलतो आणि दुसऱ्याला मध्ये ‘थांब’ म्हणता येत नाही. म्हणजे आवाजाची ऊब त्यात आहे, पण संभाषणाचा लगाम नाही. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा मार्ग बराच सुकर होतो.

सांत्वनाचा विचार आपल्या जुन्या रीतीवरून करू. समाचाराला गेलेला शहाणा माणूस काय करतो? आत जातो, बसतो, फार बोलत नाही. गेलेल्या माणसाच्या आजाराची उलटतपासणी घेत नाही. थोडा वेळ बसून उठतो, आणि निघताना ‘येतो’ असेही म्हणत नाही. या रीतीचे मर्म असे की, दुःखी माणसाकडून काहीही वसूल करावयाचे नाही. त्याचा वेळ नको, उत्तर नको, आपल्याला धीर देण्याचे कामही नको. या कसोटीला लिहिलेल्या चार ओळी उतरतात. आम्ही त्या दिवशी कल्याणहून पुढीलप्रमाणे लिहावयास हवे होते:

‘आत्या, आतोबा गेल्याचे आत्ताच कळले. मी रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी पोचेन. पोचेपर्यंत दादाला काही हवे असेल तर त्याने मला सांगावे. तू उत्तर लिहू नकोस.’

यात चार वाक्ये आहेत आणि प्रत्येकास काम आहे. पहिल्याने बातमी पोचल्याचे कळते, म्हणजे पुन्हा कळविण्याचा एक भार कमी होतो. दुसऱ्याने आपण काय करणार ते कळते. तिसऱ्याने मदतीचा हात ज्याच्यापर्यंत पोचावा त्याच्यापर्यंत पोचतो, कारण त्या दिवशी धावपळ दादाची असते, आत्याची नव्हे. चौथे वाक्य आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. आठवणी यात नाहीत, कारण आठवणींचा तो दिवस नव्हे. आणि ‘असे केले असते तर’ हे तर कोणत्याच दिवशी नको.

आठवणी बोलावयाच्या त्या तेराव्यानंतर. गर्दी ओसरते, माणसे आपापल्या गावी जातात, घर रिकामे होते, आणि मग संध्याकाळ खावयास उठते. त्या वेळी बोलका निरोप धाडावा, एक मिनिटाच्या आतला, आणि त्याच्या आधी एक ओळ लिहावी: ‘आत्या, आतोबांची एक जुनी गंमत आठवली, ती बोलून पाठवतो. सवडीने ऐक.’ ही ओळ म्हणजे दारावरची टकटक. आत काय आहे हे कळले म्हणजे धास्ती उरत नाही, आणि ऐकणाऱ्याला वेळ आणि जागा निवडता येते. याला एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही, किंवा मोतीबिंदूने ज्यांना अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी पहिल्या दिवशीही आवाजच हवा. पण मग तो निरोप नसावा, फोन असावा. आणि तोही घरातील दुसऱ्या कोणाला आधी विचारून केलेला.

आता क्षमायाचनेकडे वळू. दादाने फोन घेणे बंद केल्यावर झाला प्रकार आत्याकडून कळला, आणि आम्ही तत्काळ लिहून पाठविले: ‘माझ्या बोलण्याने मन दुखावले असल्यास क्षमस्व. हेतू वाईट नव्हता.’ दादाचे उत्तर आले: ‘ठीक आहे.’ पुढे जोडलेल्या हातांचे चित्र. आम्ही समजलो, प्रकरण मिटले. ते मिटले नव्हते. गणपतीत दादा आमच्याकडे आला नाही, दिवाळीतही आला नाही.

पुढे पुष्कळ दिवसांनी आम्ही आमचीच ती ओळ पुन्हा वाचली आणि शरमलो. ‘दुखावले असल्यास’ म्हणजे दुखावले की नाही याबद्दल आम्हांला अजून शंका होती काय? ‘क्षमस्व’ हा शब्द रस्ता खणणारे फलकावर लिहितात. आणि लिहिताना आमच्या मनात जो ओशाळेपणा होता, तो आम्हांला त्या अक्षरांत दिसत होता. दादाला तो दिसावयास काही आधारच नव्हता. २००५ साली अमेरिकेत ई-मेलविषयी झालेल्या प्रयोगांतून हेच आढळले होते की, आपला सूर अक्षरांतून वाचणाऱ्याला नीट कळेल असे लिहिणाऱ्याला जितके वाटते, त्याहून तो पुष्कळ कमी कळतो. लिहिणारा आपले वाक्य स्वतःच्या आवाजात ऐकतो, वाचणारा ते स्वतःच्या रागाच्या आवाजात ऐकतो. म्हणून क्षमेच्या बाबतीत आमचे मत सांत्वनाच्या उलट आहे. जेथे अपराध मोठा आहे, आणि समोरचा अजून फोन घ्यावयास तयार नाही, तेथे बोलका निरोप हेच योग्य साधन आहे. फोन न घेणाऱ्यावर तो जबरदस्ती करीत नाही. तो दाराशी बसून राहतो, आणि दार उघडेल तेव्हा आपला खरा आवाज आत जातो.

पण तो कसा बोलावा याला शिस्त आहे. दिवाळी सरल्यावर आम्ही दादाला जे बोलून पाठविले ते असे होते: ‘दादा, तेराव्याला माझं जे बोलणं सगळ्यांनी ऐकलं, त्यात मी पुण्याला हलवण्याबद्दल बोललो. ते मला काही माहीत नसताना बोललो. ते चूक होतं. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं ते मला आत्याकडून नंतर कळलं. मी तुला आधी विचारायला हवं होतं. तेव्हा जे लोक तिथं होते, त्यांनाही मी हे सांगायला तयार आहे, पण तुझी हरकत नसेल तरच. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तरी चालेल.’

हा निरोप पाऊण मिनिटाचा झाला. आम्ही तो तिसऱ्या प्रयत्नात धाडला. पहिल्या दोन वेळा ध्वनिमुद्रण झाल्यावर, धाडण्यापूर्वी, आम्ही ते स्वतः ऐकले. ही सोय फोनमध्ये आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ‘पण मी त्या वेळी स्टेशनावर होतो’ हे वाक्य कानाला टोचले. अपराधाच्या कबुलीत ‘पण’ आला की, कबुली संपते आणि वकिली सुरू होते. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा आम्ही फार रडवेले झालो होतो. रडवेला आवाज ऐकला की, समोरच्याला आपला राग गिळून आपलीच समजूत घालावी लागते. तो त्याच्यावर दुसरा अन्याय. तिसऱ्यांदा आवाज साधा आला. तो गेला.

त्याच रात्री माइकचे चिन्ह निळे झाले. उत्तर आले नाही. येथे एक सावधगिरी सांगतो. ते चिन्ह निळे झाले म्हणून ‘ऐकलेस ना? मग?’ असे विचारू नये. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा ज्यांनी बंद केल्या आहेत, त्यांच्याकडीलही बोलका निरोप ऐकल्याची खूण आपल्याला दिसतेच. म्हणजे समोरच्याला गुपचूप ऐकण्याची मुभा हे यंत्र देत नाही. ती मुभा आपण द्यावयाची असते, न विचारता. आठव्या दिवशी दादाचा फोन आला. पहिली दोन मिनिटे तो पावसावर बोलला. मग म्हणाला, ‘ते सगळ्यांना सांग म्हणालास ना, ते सांग. माझ्यासाठी नाही, आईसाठी. तिला लोक विचारतात.’

आणि येथे पुन्हा लिहिण्याचे काम निघाले. आरोप चारचौघांत झाला होता, तेव्हा त्याचा निरासही चारचौघांत व्हावयास हवा, आणि तो लेखी हवा. म्हणजे त्यात मीठमसाला भरता येत नाही आणि पुढे कोणी ‘तो असे म्हणाला’ असे सांगू शकत नाही. कुटुंबाच्या समूहावर आम्ही दोन वाक्ये लिहिली: ‘आतोबांना पुण्याला हलवू नये हा डॉक्टरांचा सल्ला होता आणि दादाने तो पाळला हे योग्यच झाले. तेराव्याला ऐकलेले माझे बोलणे माहितीवाचून होते, ते मी मागे घेतो.’ धाडण्यापूर्वी ती दादाला दाखविली. त्याने एक शब्द बदलला. आम्ही ‘निर्णय घेतला’ असे लिहिले होते. त्याने ‘सल्ला पाळला’ असे केले. तेवढ्यावरून आम्हांला उमगले की, गेले कित्येक महिने कोणत्या शब्दाचे ओझे तो वाहत होता.

आनंदाच्या निरोपांविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण आनंद पुष्कळ चुका पोटात घालतो. पुढच्या वर्षी दादाच्या मुलीला मुलगी झाली आणि आत्या पणजी झाली. तेव्हा घरच्या समूहावर अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि त्यात कोणी बोलून, कोणी गाऊन पाठविले. चाळीस नातेवाइकांनी वीस-वीस सेकंद बोलावयाचे ठरविले, तर ते सव्वातेरा मिनिटांहून अधिक होते. ओल्या बाळंतिणीला तेवढी झोप मिळाली तरी ती भाग्याची. म्हणून समूहावर एक ओळ लिहावी, आणि आवाज पाठवावयाचाच तर तो एका माणसाला, एकट्याला पाठवावा. बारशाचे आमंत्रण मात्र लिहूनच द्यावे. वार, तारीख, वेळ, पत्ता या गोष्टी कोणी निरोपात बोलून सांगितल्या, म्हणजे पाहुणा रिक्षात बसून, घराचा क्रमांक शोधण्यासाठी सबंध निरोप पुन्हा पहिल्यापासून ऐकतो, हे आम्ही पाहिले आहे.

ज्येष्ठांसाठी आणखी एक गोष्ट. वयाबरोबर कान जातात ते सगळे सारखे जात नाहीत. बारीक, चढे स्वर आधी जातात, आणि त्यांबरोबर स, श, त, क अशी व्यंजने पुसट होतात. म्हणून आजीला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. तिच्यासाठी बोलावयाचे तर पंखा बंद करावा, सावकाश बोलावे, आणि एका वेळी एकानेच बोलावे. सगळ्यांनी मिळून ‘अभिनंदन’ असा गजर केला, तर तिला केवळ गलका ऐकू जातो. कान फारच गेले असतील तर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहाव्यात.

या सर्वांतून आम्ही स्वतःपुरता जो नियम काढला तो असा. पाठविणाऱ्याला काय सोपे वाटते, हे पाहू नये. ज्याला निरोप जाणार तो त्या घटकेला कोठे बसला आहे, त्याच्याजवळ कोण आहे, आणि त्याच्याकडून आपण काय मागतो आहोत, हे पाहावे. दुःखात काहीही मागू नये, म्हणून आधी लिहावे. अपराधात आपला खरा सूर द्यावयाचा असतो, म्हणून बोलावे. आनंदात आवाज एकाला द्यावा आणि तपशील सर्वांना लिहून द्यावा.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. बारशाला आम्ही सांगलीला गेलो होतो. पाळणा झाला, जेवणे झाली, आणि आत्याने आम्हांला आत बोलावले. म्हणाली, ‘तुझ्या फोनमध्ये यांचं काही बोललेलं आहे का रे? माझा जुना फोन बिघडला, त्यातलं सगळं गेलं.’ आम्ही शोधले. आतोबांनी जाण्यापूर्वी दोनतीन महिने पाठविलेला एक निरोप सापडला, एकोणीस सेकंदांचा. त्यात काही थोर नव्हते. ‘आंब्याची पेटी धाडलीय, एसटीनं येईल. वरचे चार पिकलेत, ते आधी खा. पेटी मिळाली की कळव.’ एवढेच. आम्ही तो तिच्या नव्या फोनवर पाठविला, दादालाही पाठविला, आणि घरच्या संगणकावर त्याची एक प्रत ठेवली; कारण एकाच फोनमध्ये राहिलेला आवाज त्या फोनबरोबर जातो. आपल्यापाशीही कोणाचे असे काही असेल, तर आज रात्री घरी गेल्यावर एवढे काम करून टाकावे.

आत्याने फोन कानाशी धरला. तिला आता तसे ऐकणे जमते. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘तू त्यांना कळवलं होतंस का, पेटी मिळाल्याचं?’

आम्ही जुने निरोप वर सरकवून पाहिले. त्याखाली आमची एक ओळ होती: ‘मिळाली. आंबे उत्तम.’ ती ओळ लिहिलेली होती म्हणून सापडली.